प्रकल्प नोंदी : १९६२ च्या फोटोवरून आजींचा चेहरा

९ ऑक्टोबर २०२४

आज सहस्रचंद्रदर्शनाच्या पुस्तिकेचे काम हाती घेतले. समारंभ २२ डिसेंबरला पुण्यात आहे आणि त्या दिवशी येणाऱ्या नातेवाइकांना आजींच्या आयुष्यातील काही प्रसंगांची, कार्टूनच्या रेषेत काढलेली एक छोटी पुस्तिका भेट द्यावयाची आहे. काम आजींच्या नातीने सोपवले असून मुखपृष्ठावर आजींचा अठराव्या वर्षीचा चेहरा असावा, एवढीच तिची अट आहे. आतली चित्रे मला घरातील वस्तूंवरून आणि आठवणींवरून रचता येतील. मुखपृष्ठासाठी मात्र आधार एकच आहे, तो म्हणजे १९६२ साली साताऱ्यातील एका स्टुडिओत काढलेला कृष्णधवल फोटो. त्याआधीचा किंवा त्यानंतरच्या काही वर्षांतला आजींचा एकही फोटो घरात नाही.

फोटो पोस्टकार्डाएवढा आहे आणि जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला आहे. आजी खुर्चीत बसल्या आहेत, अंगावर काठाची पाचवारी साडी आहे आणि मान स्वतःच्या डावीकडे थोडी वळवलेली आहे, त्यामुळे उजवा गाल आपल्यासमोर येतो आणि डावा जवळजवळ नाहीसा होतो. चेहऱ्याची उंची जेमतेम अडीच सेंटिमीटर भरते. केस, भुवया, डोळे आणि कपाळावरची टिकली अजून स्पष्ट आहेत. कपाळ, गाल आणि हनुवटी मात्र पिवळट कागदात विरून गेली आहेत.

फोटो असा का उडतो, हे समजून घेतल्याशिवाय त्यावर काम करू नये, असे माझे मत आहे. कृष्णधवल फोटोतील प्रतिमा चांदीच्या सूक्ष्म कणांची बनलेली असते. छपाईनंतर कागद हायपोच्या द्रावणात स्थिर करतात आणि मग तो वाहत्या पाण्यात बराच वेळ धुवावा लागतो. धुणे अपुरे राहिले, तर कागदात उरलेल्या हायपोतील गंधक वर्षानुवर्षे हळूहळू चांदीवर काम करत राहते आणि काळ्या कणांचे पिवळट तपकिरी संयुग होते. जिथे मुळातच चांदी थोडी असते, म्हणजे उजळ भागांत, तिथली प्रतिमा आधी जाते. तरुण मुलीचा चेहरा हाच फोटोतील सर्वांत उजळ भाग असल्यामुळे नेमका तोच आपल्या हातून निसटतो आणि केसांचा अंबाडा मात्र ठळक राहतो. फोटो तिरपा धरल्यावर कडेच्या गडद भागांवर आरशासारखी चंदेरी झाक दिसली, तीही चांदीच्याच ऱ्हासाची खूण आहे.

१२ ऑक्टोबर

फोटो चौकटीतून काढला. पाठीमागचे खिळे सोडवून पुठ्ठा आधी अगदी थोडा उचलला आणि फोटोचा पृष्ठभाग काचेला चिकटला आहे का ते पाहिले. पावसाळी हवेत जिलेटिनचा थर मऊ होऊन काचेला धरतो आणि अशा वेळी ओढला, तर चेहराच काचेवर राहतो. तसे असते, तर काचेसकटच स्कॅन केले असते. सुदैवाने फोटो मोकळा होता. त्यावर पाणी किंवा कापड लावले नाही. फक्त हवेच्या फुग्याने धूळ उडवली.

स्कॅन १२०० डीपीआयवर आणि पूर्ण रंगीत केला. कृष्णधवल फोटो रंगीत स्कॅन करण्यामागे नेमके कारण आहे. उडालेली प्रतिमा आता काळी राहिलेली नसून फिकट पिवळी झाली आहे आणि पिवळा रंग निळा प्रकाश शोषून घेतो. म्हणून स्कॅनचे लाल, हिरवा आणि निळा असे तीन चॅनेल वेगळे केले, की डोळ्यांना न दिसणारा पिवळा तपशील निळ्या चॅनेलमध्ये करडा होऊन वर येतो. उलट लाल चॅनेलमध्ये कागदावरचे पिवळे डाग बरेचसे नाहीसे होतात. दोन्ही शेजारी ठेवून पाहिले, की कोणता तपशील चेहऱ्याचा आणि कोणता डाग कागदाचा, हे ठरवता येते. स्कॅनरची आपोआप सुधारणा करणारी सोय बंद ठेवली, कारण ती उजळ भाग सरसकट पांढरा करून टाकते आणि मला नेमका तोच भाग हवा होता.

निळ्या चॅनेलमधून उजव्या गालाची गोलाई, वरच्या ओठाची कड आणि हनुवटीखालची सावली परत मिळाली. प्रकाश चित्राच्या डाव्या बाजूने वरून येत आहे, हेही निश्चित झाले.

१८ ऑक्टोबर

कच्ची चित्रे सुरू केली. मुखपृष्ठावरची मुलगी वाचकाकडे सरळ पाहत असावी, असे मी ठरवले आहे. त्यासाठी वळलेला चेहरा समोर आणावा लागेल.

कार्टूनमध्ये चेहरा ओळखू येतो तो मोठे नाक किंवा मोठे डोळे काढल्यामुळे नव्हे, तर सर्वसाधारण चेहऱ्यापासून तो जिथे वेगळा होतो तो फरक थोडा वाढवल्यामुळे. आजींच्या फोटोत असे दोन फरक मला सापडले. भुवया सरळ रेषेत आहेत आणि बाहेरच्या टोकाला खाली येत नाहीत, त्यामुळे नजरेला एक ठामपणा येतो. नाक आणि वरचा ओठ यांच्यातील अंतर नेहमीपेक्षा कमी आहे. या दोन गोष्टी धरल्या, की बाकीचा चेहरा अगदी थोड्या रेषांत उभा राहतो. त्या सुटल्या, तर कितीही नटवले तरी ती दुसरीच कोणी मुलगी होते.

कच्चे चित्र नातीला दाखवले. तिने ते ताबडतोब ओळखले आणि तिला ते आवडले. माझे मात्र गालांपाशी समाधान होत नाही. भुवयांत आणि ओठांत माणूस आहे, गाल मात्र मेणाच्या बाहुलीसारखे गुळगुळीत आहेत. फोटो उडाल्यामुळे असे होत असेल, हे एक स्पष्टीकरण झाले. पण निळ्या चॅनेलमध्ये गळ्याच्या कातडीवर बारीक छटा दिसतात आणि गालावर त्या का दिसू नयेत, हा प्रश्न उरतो.

२१ ऑक्टोबर

प्रश्नाचे उत्तर स्कॅनमध्येच होते. निळ्या चॅनेलची तीव्रता वाढवून गाल पडदाभर मोठा केला, तेव्हा त्यावर स्वल्पविरामाएवढ्या, एकमेकींना लागून काढलेल्या असंख्य उजळ रेघा दिसल्या. त्या कपाळावर, नाकावर आणि गालांवर आहेत आणि जबड्याच्या कडेला एकदम थांबतात. गळ्यावर, हातावर किंवा साडीवर एकही नाही. मग मूळ फोटोवर टेबलावरचा दिवा अगदी खालून, कागदाला जवळपास समांतर धरून पाहिले. फोटोच्या कागदावर कोणी शाईने किंवा रंगाने दुरुस्ती केली असती, तर त्या जागी पृष्ठभागाची चमक बदललेली दिसली असती. पृष्ठभाग सगळीकडे सारखाच आहे. म्हणजे रेघा कागदावर नाहीत, त्या निगेटिव्हवर मारलेल्या आहेत आणि तिथून कागदावर छापल्या गेल्या आहेत.

हे त्या काळच्या स्टुडिओतील टचिंगचे काम आहे. निगेटिव्ह काळ्या चौकटीच्या उतरत्या मेजावर, मागून प्रकाश येईल अशा दुधी काचेवर ठेवत. त्याच्या थरावर राळेचे पातळ द्रावण चोळत, म्हणजे शिसे त्यावर धरत असे, आणि मग सुईसारखे लांब टोक केलेल्या कडक पेन्सिलीने चेहऱ्यावरचे दोष भरत. निगेटिव्हमध्ये सर्व उलटे असते : चेहऱ्यावरील काळपट खळगा तिथे पारदर्शक ठिपका म्हणून दिसतो. तो शिशाने भरला, की छपाईत त्या जागी प्रकाश कमी जातो आणि कागदावर ती जागा उजळ होते. कुशल कारागीर एकेका चेहऱ्यावर तासन्तास असे काम करत असे. साध्या मुरुमांसाठी किंवा डोळ्यांखालच्या सुरकुतीसाठी चार दोन रेघा पुरत असत. इथे सबंध चेहरा नव्याने विणलेला आहे.

म्हणजे माझ्यासमोरचा फोटो हेच मुळात एक चित्र आहे. त्याच्यावरून कार्टून काढणे म्हणजे एका चित्रकाराने दुसऱ्या चित्रकाराची नक्कल करणे होईल. आजींना प्रत्यक्ष भेटल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. डावा गाल तर फोटोत नाहीच, तो कसाही करून आताच्या चेहऱ्यावरूनच घ्यावा लागेल.

२६ ऑक्टोबर

आज आजींकडे गेले. घरात फराळाची तयारी चालू होती आणि आजी चकलीच्या भाजणीवर लक्ष ठेवून बसल्या होत्या. खिडकीपाशी बसवून त्यांचे चेहऱ्याचे रेखाटन करू लागले आणि तिरप्या उजेडात जे अपेक्षित होते ते दिसले. सुरकुत्यांच्या जाळ्यात गोल, उथळ खळगे आहेत : नाकाच्या शेंड्यावर, दोन्ही गालांवर, कपाळाच्या मध्यावर. डाव्या नाकपुडीच्या बाजूला एक बराच खोल आहे. मी विचारण्यापूर्वीच त्या म्हणाल्या, "देवीचे वण आहेत ते. काढ, काढ. वय झाल्यावर कुणाला दिसत नाहीत, एवढंच."

त्या सहा वर्षांच्या असताना, १९५० साली, वाईजवळच्या त्यांच्या गावात देवीची साथ आली. त्याआधी देवी डॉक्टर टोचायला आला होता, पण त्यांच्या आजीने घरातली मुले माळ्यावर लपवली होती. साथीत त्या आणि त्यांचा धाकटा भाऊ दोघेही आजारी पडले. दारावर कडुनिंबाचे डहाळे लावले होते आणि अंथरुणावरही कडुनिंबाचाच पाला पसरला होता. खाजवू नये म्हणून आईने दोघांचे हात फडक्याने बांधले होते. "एका रात्री माझा हात सुटला आणि मी इथे ओरबाडलं," असे म्हणून त्यांनी डाव्या नाकपुडीजवळच्या खोल वणावर बोट ठेवले. भाऊ त्या आजारातून उठला नाही. त्याचा फोटो कधी काढलेलाच नव्हता.

फोटोची हकीकत त्यांनी त्यानंतर सांगितली. लग्नासाठी स्थळे पाहणे सुरू झाले, तेव्हा वडील त्यांना एसटीने साताऱ्याला घेऊन गेले. फोटोवाल्याने त्यांचा चेहरा पाहून मान वळवायला सांगितली आणि वडिलांना म्हणाला, की काळजी करू नका, टचिंगमध्ये सगळे जाईल. टचिंगचे पैसे वेगळे घेतले. तो फोटो पत्रिकेबरोबर दोन ठिकाणी पाठवला गेला. दोन्ही ठिकाणचे लोक मुलगी पाहून गेले आणि दोन्ही वेळा मध्यस्थाकडून निरोप आला, की फोटोत मुलगी वेगळी दिसते.

"अण्णांना फार लागलं ते," आजी म्हणाल्या. "मी दिसायला कशी आहे, त्याचं नाही लागलं. आपण खोटं पाठवलं, त्याचं लागलं."

तिसऱ्या स्थळाला, म्हणजे पुण्याच्या, वडिलांनी फोटो पाठवलाच नाही. मुलीच्या तोंडावर देवीचे वण आहेत, शिक्षण सातवीपर्यंत आहे आणि हिशेब चांगला येतो, असे त्यांनी कार्डावर लिहून कळवले. मुलीला पाहायला येतो, असे उत्तर आले. जे पाहायला आले त्यांत होणाऱ्या सासऱ्यांच्या तोंडावरही वण होते. लग्न त्याच वर्षी झाले. फोटो ट्रंकेत तळाशी राहिला. आजोबा गेल्यानंतर ट्रंक आवरताना तो मुलाच्या हाती लागला आणि आईचा तरुणपणीचा एवढाच फोटो आहे म्हणून त्याने तो हौसेने दिवाणखान्यात लावला. आजी काही बोलल्या नाहीत. नातवंडे, पतवंडे त्याच्याकडे पाहून आजी किती सुंदर होती असे म्हणत आणि त्या ऐकून घेत.

"फोटो माझा आहे, पण तोंड टचिंगवाल्याचं आहे," त्या म्हणाल्या.

मी त्यांना विचारले, की चित्रात वण काढू का. त्यांनी लगेच उत्तर दिले नाही. भाजणीचा डबा झाकून झाल्यावर त्या म्हणाल्या, "तुला येतील का? पुटकुळ्या दिसायला नकोत."

९ नोव्हेंबर

दिवाळीनंतर नातीच्या घरी याच विषयावर बोलणे झाले. आजींच्या मुलाला वण काढण्याची कल्पना पसंत पडली नाही. आनंदाच्या प्रसंगी, मुखपृष्ठावर, आईच्या चेहऱ्यावरचा दोष कशासाठी दाखवायचा, असा त्यांचा प्रश्न होता आणि तो प्रेमापोटी आलेला होता. त्यांच्या लेखी फोटोतील चेहरा हाच आईचा तरुण चेहरा आहे. त्यांना कळू लागले तेव्हा आईचे वय पंचविशीच्या पुढे गेले होते.

आजींनी त्यांच्याशी वाद घातला नाही. त्यांनी मुलाला जवळ बोलावून शर्टाची बाही वर करायला सांगितली आणि दंडावरचा गोल, किरणांसारख्या रेघा असलेला वण पतवंडाला दाखवला. तो देवी टोचल्याचा वण आहे. देशात देवी निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९६२ साली सुरू झाला, म्हणजे आजींचा फोटो निघाला त्याच वर्षी. मुलगा १९६६ चा. त्याला टोचायला माणूस दारात आला तेव्हा आजींनी स्वतः त्याला पुढे केले होते. भारतातील देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ साली आढळला आणि त्यानंतर काही वर्षांत हे टोचणे बंदच झाले, म्हणून नातीच्या दंडावर तो वण नाही. तिच्या दंडावर आहे तो बीसीजीचा, क्षयाच्या लशीचा.

"माझ्या तोंडावर आहेत, म्हणून तुझ्या दंडावर आहे," आजी मुलाला म्हणाल्या. त्यानंतर मुलाने हरकत घेतली नाही. मला वाटते, त्यांचे मत बदलले असे नव्हे. निर्णय कोणाचा आहे, हे त्यांच्या लक्षात आले.

१६ नोव्हेंबर

सर्व आठवडा वण कसे काढावेत याच्यावर गेला. कार्टूनमध्ये रेषा फार थोड्या असतात आणि प्रत्येक रेषेला काहीतरी अर्थ चिकटतो. गालावर भरीव ठिपके दिले, की वाचक ते तीळ समजतो. सारख्या अंतरावर दिले, की वांग किंवा दाढीचे खुंट वाटतात. पूर्ण वर्तुळे काढली, तर पुटकुळ्या होतात, आणि आजींनी नेमकी तीच शंका बोलून दाखवली होती.

खळगा आणि उंचवटा यांच्यात रेषेने फरक करता येतो तो प्रकाशाच्या दिशेने. प्रकाश डावीकडून वरून येत असेल, तर उंचवट्याची डावी वरची बाजू उजळ होते आणि सावली उजवीकडे खाली पडते. खळग्यात याच्या उलट होते : प्रकाशाकडील कड स्वतःच्याच खोलीत सावली टाकते आणि समोरची, म्हणजे उजवी खालची कड उजळते. म्हणून प्रत्येक वण चंद्रकोरीसारख्या एका छोट्या रेषेने काढला, कोरीची पाठ डावीकडे वर, प्रकाशाच्या बाजूला, आणि पोट उजवीकडे खाली उघडे. पडताळा घेण्यासाठी कोरी उलट्या फिरवून पाहिल्या. तोच चेहरा क्षणात पुरळ उठल्यासारखा दिसू लागला. सगळ्या कोरी एकाच प्रकाशाला धरून असाव्या लागतात. एखादी जरी चुकीच्या दिशेला वळली, तरी डोळा बाकीच्यांवरचाही विश्वास सोडतो.

दुसरी गोष्ट घनतेची. खरे वण मोजून काढायचे नाहीत. नाकाचा शेंडा, गालांचा मधला भाग आणि कपाळाचा मध्य येथे ते लहानमोठे, कुठे जवळजवळ तर कुठे विरळ असे ठेवले आणि डोळ्यांभोवतीचा भाग मोकळा सोडला, म्हणजे नजर आधी डोळ्यांकडे जाते. गाल जिथे कानाकडे वळतो तिथल्या कोरी अरुंद केल्या, कारण वळणाऱ्या पृष्ठभागावर गोल खळगा बाजूने पाहिल्यासारखा चपटा दिसतो. या अरुंद कोरींमुळेच गालाला गोलाई आली आणि पहिल्या चित्रातला मेणाचा गुळगुळीतपणा गेला. भुवया आणि ओठ ब्रशपेनच्या काळ्या शाईत आहेत. वणांसाठी तीच शाई पाणी घालून करडी केली. काळ्या शाईत ते चेहऱ्यावर चिखल उडाल्यासारखे दिसत होते.

साडीचा रंग फोटोतून कळणे शक्य नव्हते. आजींनी सांगितले, की ती आईची अंजिरी साडी होती. मुखपृष्ठावर चेहरा करड्या छटांत आणि साडी अंजिरी ठेवली आहे.

२४ नोव्हेंबर

आज चित्र आजींना दाखवले. त्यांची दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली आहे आणि जवळचे पाहायला त्या चष्म्याबरोबर भिंगही वापरतात. मूळ चित्राचा चेहरा तळहाताएवढा काढलेला असल्यामुळे भिंगाची गरज पडली नाही, पण त्यांनी ते घेतलेच.

त्यांनी सुरुवात केसांपासून केली. अंबाड्याचा आकार त्यांना पटला नाही; तो इतका वर नव्हता, मानेवर होता. साडीचा काठ जरा रुंद हवा, असेही त्यांनी सांगितले. मग बराच वेळ त्या चेहऱ्यावर भिंग फिरवत राहिल्या. नात काही विचारणार होती, तिला त्यांनी हातानेच थांबवले. अखेर त्या म्हणाल्या, "सगळं बरोबर आहे, पण हा खोल वण तू चुकीच्या बाजूला घातलास. तो इकडे हवा." आणि त्यांनी चित्रातील नाकाच्या दुसऱ्या बाजूला बोट ठेवले.

वण बरोबर बाजूलाच होता. समोरून पाहणाऱ्याला आजींची डावी बाजू चित्रात उजवीकडे येते. मी त्यांच्या आताच्या चेहऱ्यावर बोट ठेवून दाखवले, नातीनेही सांगून पाहिले, पण त्यांचे समाधान होईना. तेव्हा लक्षात आले, की स्वतःचा हा चेहरा त्यांनी आयुष्यात फक्त आरशातच पाहिला आहे. इतरांना तो जसा दिसतो तसा पाहण्याची एकमेव संधी फोटोत होती आणि तिथे टचिंगवाल्याने तो ठेवलाच नव्हता.

मी कपाटाच्या आरशासमोर चित्र धरले आणि आजींना माझ्या शेजारी उभे केले. आरशात खोल वण त्यांनी सांगितलेल्या बाजूला आला. त्या दोन पावले पुढे गेल्या आणि आरशातील मुलीकडे पाहत म्हणाल्या, "अशी दिसत होते होय." थोड्या वेळाने पुढे म्हणाल्या, "पण मी अशी सरळ कधी बघत नसे. आरशात बघताना हा गाल मागे घ्यायचे." त्यांनी मान वळवून दाखवली. ती अगदी फोटोतलीच मान होती. फोटोवाल्याने ती शिकवली असे मी धरून चालले होते; आजींना ती आधीपासून येत होती.

मी विचारले, की चित्रातील मान तशी वळवू का. अंबाडा बदलायचाच होता, त्यामुळे चेहरा वळवणे अवघड गेले नसते.

"नको," आजी म्हणाल्या. "बघू दे तिला सरळ. नाही तरी आता कुठलं स्थळ यायचंय?" आणि त्या मनापासून हसल्या. हसताना वरचा ओठ नाकाला जवळजवळ टेकतो, हे मला त्या वेळी प्रथम दिसले. आतल्या एका चित्रात ते घेणार आहे.

पतवंडाने चित्र पाहून वणांवर बोट ठेवले आणि हे काय आहे, असे विचारले. आजी त्याला घेऊन पलंगावर बसल्या आणि कडुनिंबाच्या पाल्यापासून सांगायला लागल्या. बांधलेले हात, सुटलेला हात आणि धाकटा भाऊ हे सर्व त्यांनी सांगितले. नातीने नंतर मला सांगितले, की या भावाविषयी घरात कोणीही कधी ऐकले नव्हते.

६ डिसेंबर

छपाईचा नमुना आला. पुस्तिकेत चित्र मूळ आकाराच्या साठ टक्के होते आणि लहान करताना बारीक करड्या रेषांचे दोन प्रकारे नुकसान होते : एक तर त्या तुटून नाहीशा होतात किंवा कोरीचे पोट शाईने भरून तिचा ठिपका होतो. पहिल्या नमुन्यात कपाळावरच्या काही कोरी तशा भरल्या होत्या. त्या थोड्या मोठ्या आणि विरळ करून पुन्हा नमुना मागवला आणि कागदही चकचकीत ऐवजी किंचित खरखरीत, पांढुरका घेतला, कारण चकचकीत कागदावर दिवाणखान्यातल्या दिव्याचा उजेड पडला, की करड्या छटा धुऊन निघतात. दुसऱ्या नमुन्यात सर्व कोरी उघड्या आहेत.

मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला मूळ फोटो छापावा, अशी आजींची इच्छा आहे. तो कोणत्याही दुरुस्तीशिवाय, पिवळेपणासह छापत आहोत. त्याखालचा मजकूर आजींनी स्वतः सांगितला आणि मी तो जसाच्या तसा घेतला : "सातारा, १९६२. टचिंग केलेला फोटो. हा पाहून दोन स्थळांनी नाही म्हटले." मुलाने शेवटचे वाक्य गाळावे असे सुचवले, आजींनी ते ठेवायला सांगितले.

मूळ फोटो पुन्हा काचेमागे जाणार नाही, हेही ठरले. तो आम्लरहित कागदाच्या पाकिटात घालून लाकडी कपाटाऐवजी पत्र्याच्या कपाटात, जमिनीपासून वर ठेवायला दिला आहे. लाकडातून आणि साध्या पुठ्ठ्यातून निघणारी आम्लयुक्त वाफ उरलेल्या चांदीलाही खाते. पुठ्ठ्यावरून फोटो सोडवण्याचा प्रयत्न केला नाही. स्कॅनच्या प्रती नातीकडे आणि माझ्याकडे आहेत. पुस्तिका सोमवारी छपाईला जाईल.